संतचरित्र कडव्यांत सांगताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कथेच्या संध्याकाळी एखाद्या संताचं आयुष्य गाऊन-बोलून सांगायचं आहे आणि त्यासाठी स्वतः सोपी कडवी रचायची आहेत, अशांसाठी ही प्रश्नोत्तरं. सगळ्या संतांना लागू पडेल असं मोघम बोलण्यापेक्षा एकच चरित्र उदाहरणाला घेतलं आहे, संत चोखामेळ्यांचं. खाली जी कडवी आहेत ती या पानासाठीच रचली आहेत. ती कुठल्या जुन्या पोथीतली नाहीत.

ओवी, अभंग, पोवाडा यांतलं काय घ्यावं?

तिन्ही बाजूला ठेवा आणि आठ अक्षरांच्या चार चरणांचं कडवं घ्या. दुसऱ्या आणि चौथ्या चरणाला यमक, बाकी मोकळं.

ग्रंथातली ओवी वाचायला आणि निरूपणाला उत्तम. तिचे पहिले तीन चरण यमकात असतात, चौथा आखूड असतो आणि चरणाची लांबी मोकळी असते. त्यामुळे लांब वाक्य तिच्यात आरामात मावतं. पण तीच मोकळीक नवख्याला गोत्यात आणते. चरण वाढत जातात, श्वास पुरत नाही, आणि ऐकणाऱ्याला ठेका सापडत नाही.

मोठा अभंग सहा-सहा-सहा-चार अक्षरांचा. त्याचा शेवटचा चार अक्षरांचा चरण असा पडतो, की प्रत्येक कडव्याला बोलणं संपल्यासारखं वाटतं. विनवणीला, तक्रारीला, उपदेशाला ते फार शोभतं. गोष्ट मात्र दर अर्ध्या मिनिटाला थांबते. पुढे काय झालं, ही ओढच तुटते.

पोवाड्याचं वेगळं आहे. चौक, डफ, तुणतुणं, मागे जी-जी धरणारे झीलकरी, आणि पुढे कमावलेल्या आवाजाचा शाहीर, एवढं सगळं असेल तर जरूर करा. घरातल्या पंचवीस-तीस माणसांपुढे एकट्याने पोवाड्याचा आव आणला तर नुसता आरडाओरडा होतो. शिवाय चोखोबांच्या गोष्टीत तलवार कुठेच नाही. पोवाड्याची चाल तिला सारखी लढाईकडे ओढत राहील.

आठ अक्षरं एका श्वासात सहज बसतात, आणि बोलता बोलता गाता येतात. आपल्याला हवं ते एवढंच.

अक्षरं मोजायची कशी?

ऱ्हस्व असो की दीर्घ, प्रत्येक अक्षर एक. जोडाक्षर एकच. अनुस्वार वेगळा मोजायचा नाही. बोलताना आपण ‘दगड’मधला शेवटचा ‘ड’ अर्धा टाकतो, पण चालीत तो पुरा गायला जातो, म्हणून तोही एक.

सुरुवातीचं कडवं बघा:

मंगळवेढ्याची वेस,
वेशीबाहेर वसती,
तिथे राहे चोखामेळा,
विठू एकला सांगाती.

मं-ग-ळ-वे-ढ्या-ची-वे-स, आठ. शेवटच्या ओळीला पहिल्यांदा ‘विठू त्याचा सांगाती’ असंच सुचतं. वाचायला ते छान आहे, पण मोजलं तर सात भरतात, आणि चालीवर म्हटलं की तिथे पाय अडखळतो. मग गाणारा ‘सां’ नको इतका लांबवतो. कागदावर न कळलेली चूक अशी गळ्यात कळते. म्हणून प्रत्येक ओळ टाळी वाजवत मोठ्याने म्हणून बघावी, नुसती डोळ्यांनी मोजू नये.

आणखी एक गोष्ट कानाला लावून ठेवा. आठ अक्षरं चार-चार अशी फुटतात, तशी सहा-दोन किंवा तीन-तीन-दोन अशीही फुटतात. ‘मंगळवेढ्याची वेस’ सहा-दोन आहे. सगळ्याच ओळी चार-चार पाडल्या, तर दहाव्या कडव्यापर्यंत त्याचं बडबडगीत झालेलं असतं. चार-चारचा ठेका राखून ठेवा, जिथे घाई दाखवायची आहे तिथे वापरा.

चोखोबांच्या आयुष्यातलं नक्की काय आणि सांगोवांगी काय, हे कसं ठरवायचं?

लिहायला बसण्याआधी एका कागदावर तीन रकाने पाडा.

पहिल्या रकान्यात भक्कम गोष्टी. चोखोबा मंगळवेढ्याला राहत. पंढरपूर तिथून साधारण पंचवीस किलोमीटरवर. ते नामदेवांचे समकालीन, आणि परंपरा त्यांना नामदेवांचे शिष्य मानते. पत्नी सोयराबाई, बहीण निर्मळा, मेहुणा बंका, मुलगा कर्ममेळा. या सगळ्यांच्या नावावर अभंग आहेत. एका घरातली इतकी माणसं रचना करणारी, हे स्वतःच सांगण्यासारखं आहे. 1338 साली मंगळवेढ्याला गावकुसाची भिंत कोसळली आणि तिच्याखाली चोखोबा गेले. पंढरपूरला विठ्ठलाच्या महाद्वारासमोर, नामदेव पायरीजवळ, त्यांची समाधी आहे. आजही ती तिथे जाऊन बघता येते.

दुसऱ्या रकान्यात त्यांच्या अभंगांतून दिसणारं. देवळात न येऊ देण्याचं दुःख, विटाळाच्या कल्पनेला विचारलेले प्रश्न, देवाशी केलेलं भांडण. यात घटना कमी आहेत, पण माणूस इथेच सापडतो.

तिसऱ्या रकान्यात आख्यायिका. देव त्यांच्या घरी जेवायला आला, सोयराबाईंच्या बाळंतपणात निर्मळेचं रूप घेऊन राबला, गळ्यातला हार त्यांना दिला आणि चोरीचा आळ त्यांच्यावर आला, नामदेवांना हाडांतून विठ्ठलनाम ऐकू आलं. यांतल्या बऱ्याच कथा आपल्यापर्यंत आल्या त्या महिपतींच्या ‘भक्तविजय’सारख्या ग्रंथांमुळे. तो ग्रंथ 1762 चा, म्हणजे चोखोबा गेल्यानंतर सव्वाचारशे वर्षांनी पुरा झालेला.

हे रकाने श्रोत्यांना वाचून दाखवायचे नाहीत. आपल्या क्रियापदांसाठी ते हवेत. पहिल्या रकान्यातलं ‘झालं’ म्हणून सांगायचं, तिसऱ्यातलं ‘सांगतात’ म्हणून. वरच्या कडव्यात ‘तिथे राहे’ आहे, ‘तिथे जन्मे’ नाही, तेही याचमुळे. जन्मस्थान म्हणून विदर्भातल्या मेहुणाराजाचंही नाव घेतलं जातं. दोन अक्षरांसाठी तो वाद अंगावर कशाला घ्यायचा?

जन्मापासून मरणापर्यंत सगळं सांगायचं का?

नाही. चार प्रसंग पुरे: वेशीबाहेरचं घर, देवळाचं दार, देव जेवायला आल्याची कथा, आणि भिंत. प्रत्येकी पाच-सहा कडवी धरली तर वीस-चोवीस होतात. ध्रुवपदासकट एका कडव्याला अर्धा मिनिट लागतं, म्हणजे गाणं दहा-बारा मिनिटांचं. मधलं बोलणं धरून पाऊण तास सहज भरतो. त्यापुढे लोक चुळबुळ करू लागतात, आणि त्यात त्यांची चूक नसते.

बालपण तर सरळ गाळा. चोखोबांच्या बालपणाचं आपल्याजवळ फारसं काही नाही, आणि नसलेलं भरायला गेलं की तेच ते येतं: लहानपणापासून देवाची ओढ, खेळण्यात मन नाही. कुठल्याही संताचं नाव घाला, चालतं. जे कुणालाही चालतं ते याच्यात नको.

माझी कडवी अक्षरांत, यमकात बरोबर आहेत, तरी ऐकताना कंटाळा येतो. का?

बहुतेक त्यात काही घडत नसावं. हे बघा:

थोर संत चोखामेळा,
भक्तिभाव त्याचा थोर,
ज्याच्या कीर्तीचा सुगंध
दरवळे चहूओर.

आठ-आठ अक्षरं पक्की, यमक पक्कं. पण डोळ्यांपुढे काहीच उभं राहत नाही. ‘चोखामेळा’च्या जागी ‘सावतोबा’ लिहा, एक अक्षरही न बदलता चालून जाईल. ही एक चांगली परीक्षा आहे: नाव बदलूनही कडवं तसंच बसत असेल, तर ते खोडा.

आता भिंतीचं काम:

गावकुसाचे ते काम,
चोखा वाहतो दगड,
भिंत चढे वर वर,
दिस होई जड जड.

इथे कौतुकाचा एकही शब्द नाही. एक माणूस दगड वाहतो आहे, भिंत वाढते आहे, दिवस चढतो आहे. एका कडव्यात एकच काम, आणि ते काम ज्याने होतं ती वस्तू: दगड, दही, दार, हाड. विशेषणं जवळजवळ नकोत. श्रोत्याला ‘थोर’ हा शब्द आपल्या मनाने सुचला पाहिजे, आपण तो त्याच्या हातात देऊ नये.

हे कडवं गाताना एक करून बघा. पहिल्या दोन ओळी नेहमीच्या लयीत म्हणा, ‘वर वर’ला किंचित चढा, आणि ‘जड जड’ला जवळजवळ थांबा. पुढचं कडवं थेट, दम न घेता:

एकाएकी भिंत पडे,
धूळ उडाली आभाळी,
किती हात, किती पाय
गेले दगडांच्या तळी.

राखून ठेवलेला चार-चारचा ठेका इथे कामाला येतो: ‘किती हात, किती पाय’. आणि या कडव्यात चोखोबांचं नाव मुद्दाम नाही. भिंतीखाली ते एकटेच नव्हते. पुढे हाडं ओळखण्याचा प्रसंग येतो तोच मुळी यामुळे, की तिथे अनेकांची हाडं एकत्र होती.

यमकासाठी शब्द ओढूनताणून आणावे लागतात. काय करावं?

आधी चौथी ओळ लिहा. कडव्याचा जोर तिथे असतो. ती मनासारखी झाली की दुसरी ओळ तिच्याशी जुळवणं सोपं, उलट फार अवघड. बहुतेकजण वरून खाली लिहीत जातात आणि चौथ्या ओळीला काहीतरी कोंबून मोकळे होतात. म्हणजे नेमकी महत्त्वाची ओळ भरताड होते.

नामदेवांच्या कडव्यात हवी ती चौथी ओळ होती ‘नाव ऐकू ये हाडात’. दुसऱ्या ओळीला सहज येतं ‘हाडे वेचतो मातीत’. शेवटी ‘त’ आहे खरा, पण ‘-ईत’ आणि ‘-आत’ कानाला जुळत नाहीत. एकच शब्द बदलला की काम होतं:

नामदेव आला तिथे,
हाडे वेचतो ढिगात,
एक एक लावी काना,
नाव ऐकू ये हाडात.

आणि ‘ढिगात’ने अर्थही सुधारला. वेचायला ढीग होता, कुणाचं काय ते कळत नव्हतं.

‘केली-गेली-आली-झाली’ हे यमक मात्र पुन्हापुन्हा वापरू नका. भूतकाळी क्रियापदं मराठीत आपोआप जुळतात, म्हणून कानाला त्याचं काहीच वाटत नाही. सलग दोन कडव्यांत तर नकोच. नाम आणि क्रियापद जुळवलं, किंवा दोन वेगळ्या तऱ्हेची नामं जुळवली, की लगेच जिवंतपणा येतो.

चमत्कारांचं काय करायचं? गाळले तर जुनी माणसं नाराज, ठेवले तर तरुण हसतात.

ठेवा, पण सांगणाऱ्याचं तोंड दाखवून ठेवा.

लोक सांगती अजून,
देव आला चोख्याघरी,
सोयराच्या हातातून
दही सांडे पितांबरी.

‘लोक सांगती’ हे दोन शब्द आले की भाविकाला काही कमी वाटत नाही, आणि न मानणाऱ्यालाही गोष्ट ऐकायला हरकत राहत नाही. आख्यायिका अशी: वाढताना सोयराबाईंच्या हातून देवाच्या पितांबरावर दही सांडलं, चोखोबा त्यांना रागावले, ते बोलणं बाहेरून जाणाऱ्या पुजाऱ्याने ऐकलं. विटाळलेल्या घरी देव जेवतो म्हणतोस, म्हणून त्याने चोखोबांच्या थोबाडीत मारली.

पुजाऱ्याची थप्पड ती
बसे चोखोबाच्या गाली,
गाभाऱ्यात जाता पाही,
सूज विठ्ठलाला आली.

इथपर्यंत सगळे नीट सांगतात. घोटाळा पुढच्या मिनिटात होतो. देवाच्या गालावर सूज दिसली की श्रोते सुटकेचा श्वास टाकतात, हात जोडतात, आणि त्यांच्या मनात प्रकरण मिटतं. देवाने न्याय केला, झालं! पण कथेतही दार उघडलेलं नाही. पुजाऱ्याने गाल पाहिला, तरी चोखोबा बाहेरच आहेत. म्हणून चमत्काराच्या कडव्यानंतर टाळ्यांना जागा द्यायची नाही, लागलीच ध्रुवपद. माझ्या मते संतकथा सांगणाऱ्याची खरी परीक्षा इथे होते. चमत्कार दुःखावर पांघरूण म्हणून येतो आहे की दुःख दाखवायला, हे त्यानंतरच्या ओळीवर ठरतं.

चमत्कार एका संध्याकाळी दोनच घ्या. दही आणि हाडं. हाराची गोष्टही चांगली आहे, पण तिसरा चमत्कार आला की ऐकणारे पुढचा ओळखू लागतात.

ध्रुवपद कसं असावं?

श्रोत्यांना एकदा ऐकून म्हणता येईल असं, आणि चरित्र पुढे जाईल तसा ज्याचा अर्थ बदलेल असं. आपलं ध्रुवपद हे:

दाराबाहेर चोखोबा,
आत विठ्ठल उभाच.

पहिला अर्धा कथेकऱ्याने म्हणायचा, दुसरा श्रोत्यांनी. सुरुवातीला ते नुसतं वर्णन असतं. देवळाच्या प्रसंगात ती तक्रार होते, कारण ‘उभाच’मधला ‘च’ तोवर टोचू लागलेला असतो. उभा आहे, पण हलत का नाही? चमत्कारानंतर तेच शब्द विचारतात, की मग बदललं काय? शेवटी समाधीपाशी आल्यावर ते अक्षरशः खरं होतं. शब्द एकही बदलायचा नाही. ध्रुवपदात दर वेळी थोडा फरक करण्याचा मोह होतो, पण मग श्रोते चुकतात आणि गप्प बसतात.

दर कडव्याला ध्रुवपद नको. दोन-तीन कडव्यांनंतर एकदा. भिंत पडते त्या दोन कडव्यांच्या मध्ये तर अजिबात नको.

जातीचा, विटाळाचा उल्लेख कसा करावा? काहींना अवघडल्यासारखं होतं.

सरळ करावा. ‘काही कारणाने त्यांना देवळात जाता येत नसे’ असं गुळमुळीत बोलू नये. चोखोबा महार जातीचे होते, त्या काळच्या रूढीप्रमाणे त्यांना अस्पृश्य मानत, आणि म्हणून देवळात येऊ देत नसत, हे एका साध्या गद्य वाक्यात, आवाज न चढवता सांगा. गाऊन सांगू नका. गाण्यात ते करुण होतं, आणि आपल्याला इथे करुणा नको, माहिती हवी. वाक्याचा कर्ता जागेवर ठेवा: ‘येऊ देत नसत’, म्हणजे न येऊ देणारी माणसं होती.

उलट बाजूची चूकही होते. सगळी कडवी चोखोबा किती गरीब, किती दीन हेच सांगत राहतात. त्यांच्या अभंगांत दैन्य आहे, तसाच रोकडा युक्तिवादही आहे. विटाळ कुणाला नाही, असं विचारणारा माणूस बिचारा नसतो. सोयराबाईंच्या अभंगांतही देहाचा विटाळ देहातच असतो हा मुद्दा फार धारदारपणे येतो. चार प्रसंगांतलं किमान एक कडवं असं हवं, ज्यात चोखोबा प्रश्न विचारताहेत आणि समोरच्याजवळ उत्तर नाही.

त्यांचे मूळ अभंग मध्ये घ्यावेत का? आणि माझ्या कडव्यात ‘चोखा म्हणे’ घातलं तर?

अभंग एक किंवा दोन घ्या, पूर्ण घ्या, आणि घेण्याआधी सांगा की हे त्यांचे शब्द. देवळाच्या प्रसंगानंतरची जागा त्याला सगळ्यात चांगली. तिथे आपली कडवी थांबवून त्यांनाच बोलू द्यावं. चाल बदला, लय उतरवा, म्हणजे फरक न सांगताही कळतो.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: नाही, कधीच नाही. ‘चोखा म्हणे’ ही त्यांची नाममुद्रा, म्हणजे सही. आपल्या ओळीवर ती घातली की ऐकणारा ती त्यांची ओळ म्हणून घरी नेतो, पुढच्या वर्षी दुसऱ्या कुणाच्या वहीत ती चोखोबांचा अभंग म्हणून उतरते. संतांच्या गाथांमध्ये कुठली रचना खरी आणि कुठली नंतर घुसलेली, हा गुंता आधीच पुष्कळ आहे. त्यात आपली भर नको. चोखोबांना बोलतं करायचं असेल तर ‘चोखा विचारे’, ‘चोखा हसून सांगे’ असं काही वापरा.

गाणं आणि बोलणं यांचा मेळ कसा घालायचा?

गाण्यात घटना, बोलण्यात खुलासा. गावकूस म्हणजे काय, वेठीचं काम कसं असे, महाद्वार कुठे, नामदेव वयाने आणि मानाने कोण, हे सगळं बोलून. कडव्यात खुलासा शिरला की ते लगेच पाठ्यपुस्तकातलं वाटू लागतं.

बोलणं दोन मिनिटांवर जाऊ देऊ नका, आणि शेवटचं वाक्य असं ठेवा की पुढचं कडवं त्याला जोडून उचलता येईल. ‘दुपारची वेळ होती, काम अर्ध्यावर आलं होतं…’ आणि लगेच ‘गावकुसाचे ते काम’. कडव्यात जे आहे तेच आधी गद्यात सांगून टाकण्याची सवय मात्र मोडा. कीर्तनात निरूपणकार ओळ आधी म्हणून मग फोड करतो, त्याचा हेतू वेगळा. गोष्टीत आधी सांगून टाकलं की गाण्यात राम उरत नाही.

वाद्यं कोणती?

एकतारी आणि टाळ. पखवाज वाजवणारा चांगला असेल तरच. पेटी असेल तर सूर धरण्यापुरती. चाल एकच ठेवा, आपल्या गळ्याला झेपेल अशी. चित्रपटातल्या गाण्याच्या चालीवर कडवी बसवू नयेत, लोकांना मूळ गाण्याचे शब्द आठवत राहतात.

लहान मुलं असतील तर मरणाचा प्रसंग गाळावा का?

गाळू नये. मुलांना भिंत पडलेली कळते. त्यांना न कळणारी गोष्ट वेगळी असते: देवळात का येऊ देत नव्हते? हा प्रश्न एखादं मूल मध्येच मोठ्याने विचारतं. विचारलं तर गाणं थांबवून उत्तर द्या आणि मग पुढे जा.

शेवट कुठे करायचा? हाडांतून नाम ऐकू आलं, तिथे?

तिथे टाळ्या पडतात, म्हणून बहुतेकजण तिथेच थांबतात. मी एक कडवं पुढे जाईन.

महाद्वाराच्या समोर
नामा पुरी त्याच्या अस्थी,
जन्मभर बाहेरचा,
शेवटीही तिथे वस्ती.

पहिल्या कडव्यात वेशीबाहेरची वसती होती, इथे दाराबाहेरची. समाधी मानाच्या जागी आहे हे खरं, महाद्वारात शिरण्याआधी वारकरी तिथे माथा टेकतात. पण ती जागा दाराच्या बाहेरची आहे, हेही तितकंच खरं. दोन्ही सांगा, एकाने दुसरं झाकू नका.

मग ध्रुवपद एकदा, आणि त्यानंतर गद्यात, न गाता: पंढरपूरच्या विठ्ठल मंदिरात दलितांना प्रवेश मिळावा म्हणून साने गुरुजींनी मे 1947 मध्ये पंढरपुरात उपोषण केलं, आणि त्यानंतर ते दार उघडलं. चोखोबा गेले 1338 मध्ये. मधली सहाशे नऊ वर्षं श्रोत्यांना मनात मोजू द्या. यावर भाष्य करायचं नाही. कुणी चर्चा सुरू केली तर उत्तमच, पण ती टाळ खाली ठेवल्यावर.

पाठ करावं की वहीतून म्हणावं?

कडवी पाठ, गद्य मुद्द्यांवरून. वहीत डोकं घालून गाणाऱ्याच्या मागे श्रोते ध्रुवपद धरत नाहीत, कारण कधी उचलायचं ते त्यांना त्याच्या चेहऱ्यावरून कळतं. चोवीस कडवी जड वाटत असतील, तर प्रसंगातल्या वस्तूंच्या क्रमाने लक्षात ठेवा: वेस, दार, दही, गाल, दगड, धूळ, हाड. एखादं कडवं विसरलात तर त्यातली घटना बोलून सांगा आणि पुढचं उचला. श्रोत्यांना ते कळतसुद्धा नाही. ओळ आठवेपर्यंत ‘विठ्ठल विठ्ठल’ म्हणत राहिलात, तर मात्र लगेच कळतं.